मैदान किती मोठं, यापेक्षा दारं किती रुंद

नवरात्रातल्या मोठ्या गरब्याची सगळ्यात धोक्याची वेळ कोणती, असं विचारलं तर बहुतेक लोक सांगतील की गाणं रंगात आलेलं असतं, फेर वेगात असतो, तेव्हा. प्रत्यक्षात फेर चालू असताना माणसं बरीच सुरक्षित असतात. नाचायला जागा लागते, म्हणून नाचणारा स्वतःभोवती जागा राखतो. सगळे एकाच दिशेने फिरत असतात आणि दमलेला माणूस सहज बाजूला होतो. धोका सुरू होतो तो गाणं थांबल्यावर.

ध्वनिक्षेपकाला रात्री दहापर्यंत परवानगी असते. सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवशी ती बारापर्यंत वाढते. म्हणजे तीन-साडेतीन तास हळूहळू भरत गेलेलं मैदान एका ठरलेल्या मिनिटाला एकदम रिकामं व्हायला निघतं. आईवडिलांच्या खांद्यावर पोरं झोपलेली असतात, शेवटची लोकल गाठायची असते, रिक्षा मिळेल की नाही याची चिंता असते. हजारो माणसं एकाच वेळी त्याच दाराकडे वळतात ज्यातून ती आत आली होती, कारण आलेली वाट तेवढी त्यांना माहीत असते. बाजूला दुसरं दार असलं तरी ते त्यांच्या लेखी नसतंच.

म्हणून मैदानाची क्षमता त्याच्या क्षेत्रफळावर ठरत नाही. ती दारांच्या एकूण रुंदीवर ठरते. आयोजक पास छापतात ते क्षेत्रफळ बघून, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. हे आकड्यांत मांडून बघू.

शंभर मीटर लांब आणि ऐंशी मीटर रुंद असं एक मैदान घ्या. उपनगरातल्या मोठ्या मंडळाकडे एवढं मैदान असतं. क्षेत्रफळ 8,000 चौरस मीटर. मंच, आवाजाची यंत्रणा, खाण्याचे स्टॉल, स्वच्छतागृहं, जनरेटर आणि रुग्णवाहिका यांना 2,000 चौरस मीटर गेले. उरलेल्यांपैकी 4,000 फेर धरणाऱ्यांना. नाचणाऱ्याला निदान एक चौरस मीटर हवाच, म्हणून 4,000 माणसं. राहिलेल्या 2,000 चौरस मीटरवर बघे उभे राहतात; चौरस मीटरला दोन धरले तर तेही 4,000. आयोजक म्हणणार, आठ हजार पास काढायला हरकत नाही. आतली गर्दी बघितली तर त्यांचं म्हणणं चुकीचंही नाही.

आता दारं मोजू. समोरचं मुख्य गेट चार मीटर, बाजूचं अडीच मीटर, मंचामागचं दीड मीटर. एकूण आठ मीटर. क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी ब्रिटनमध्ये जी मार्गदर्शिका वापरतात, आणि जी जगभरचे अभियंते आधाराला घेतात, तिच्यात सपाट वाटेसाठी एक दर दिलेला आहे: एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं. जिन्यावर तो 66 होतो. हा दर चांगल्या उजेडातल्या, मोकळ्या, कोरड्या वाटेचा आहे. आपल्याकडे रात्र असते, पायांत घेरदार चनिया असतो, कडेवर मूल असतं, जमीन उंचसखल असते. म्हणून मी मिनिटाला 60 धरतो. तिन्ही दारं पूर्ण उघडी असतील तर मिनिटाला 480 माणसं बाहेर पडतील आणि आठ हजारांना साधारण सतरा मिनिटं लागतील.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात त्या रात्री काय असतं? मंचामागचं दार कलाकारांचं आणि पाहुण्यांचं, तिथे बाउन्सर उभे. बाजूच्या दाराला कुलूप, कारण तिथून बिनपासाची पोरं शिरतात. उरलं मुख्य गेट. एकट्या मुख्य गेटमधून मिनिटाला 240 माणसं, म्हणजे तेहतीस मिनिटं. शिवाय त्या गेटमध्ये संध्याकाळी तपासणीसाठी लावलेल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटी आणि रांगांसाठी बांधलेले बांबू तसेच असतात. ते कुणी काढत नाही, कारण तपासणीची माणसं नऊ वाजताच मोकळी झालेली असतात. चार मीटरची वाट दोनच मीटर उरली, तर आठ हजार माणसांना बाहेर पडायला तासाहून जास्त वेळ लागेल. मागच्या माणसाला मात्र हे दिसत नाही. त्याला समोर फक्त पाठी दिसतात.

त्याच मार्गदर्शिकेनुसार नेहमीचा सामना संपल्यावर सर्वांना प्रेक्षागारातून मोकळ्या वाटेवर यायला जास्तीत जास्त आठ मिनिटं लागावीत. त्याहून जास्त वेळ माणसं अडकून राहिली की अस्वस्थ होतात, रेटू लागतात. आगीचा धोका मोठा असेल तर हा वेळ अडीच मिनिटांपर्यंत खाली येतो. आपल्या मैदानाला आठ मिनिटांचं माप लावलं तर तिन्ही दारं मिळून 3,840 माणसांना सोडू शकतात. आणि अनुभवी सुरक्षा अधिकारी याहूनही कडक हिशेब करतात. ते सगळ्यात मोठं दार बंद पडलं असं धरूनच मोजतात, कारण आग किंवा गोंधळ नेमका त्याच दाराशी होऊ शकतो. मग उरतात चार मीटर आणि 1,920 माणसं. आठ हजार पास छापायचेच असतील तर साडेसोळा मीटरहून जास्त रुंदीची दारं हवीत, आणि त्यावर एक मोठं दार राखीव. म्हणजे कुंपणाचे पत्रे आणखी तीन-चार ठिकाणी उघडता आले पाहिजेत. हे काम खर्चाचं नाही. एका दुपारी होण्याजोगं आहे.

दाराशी नेमकं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. गर्दी वाढली की दारातून जास्त माणसं जातात, असं वाटतं. एका मर्यादेपर्यंत ते खरंही आहे. पण चौरस मीटरला चार माणसांच्या पुढे पावलं आखूड होतात, खांदे एकमेकांत अडकतात आणि दारातून सुटणारी माणसं उलट कमी होतात. मागून येणारे मात्र तेवढेच असतात. अमेरिकी अभियंता जॉन फ्रूइन याने गर्दीतल्या दुर्घटनांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याचं निरीक्षण असं की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. तिच्यातून लाटा जातात, माणसं आपल्या इच्छेशिवाय तीन-तीन मीटर ढकलली जातात, काहींचे पाय जमिनीवरून उचलले जातात. अशा वेळी कुणी धक्का मारत असतो असं नाही. प्रत्येक जण जरासा पुढे कलतो आणि शेकडो माणसांचं ते थोडंथोडं वजन पुढच्यांवर साचत जातं. लोखंडी कठडे वाकवणारा जोर असाच तयार होतो.

या दाबात मृत्यू येतो तो बहुधा पायांखाली येऊन नाही. माणूस उभ्या उभ्या गुदमरतो, कारण छाती फुगायलाच जागा राहत नाही. बरगड्या हलल्या नाहीत तर मोकळ्या हवेतही श्वास घेता येत नाही. काही मिनिटांत सगळं संपतं. म्हणूनच वाचलेले लोक सांगतात की शेजारचा माणूस ओरडतही नव्हता. ओरडायला हवा लागते.

मुलांचं संकट इथे दुप्पट होतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं डोकं मोठ्यांच्या कमरेशी असतं. तिथे हवा कोंदट असते, दाब सगळ्या बाजूंनी असतो, आणि वरून बघणाऱ्या स्वयंसेवकाला ते मूल दिसतच नाही. मोठा माणूस हाताने छातीपुढे थोडी जागा करू शकतो. मुलात ती ताकद नसते. त्याचा हात धरून ठेवलेला असला तरी गर्दीची लाट आली की हात सुटतो.

मुलं आणि दार यांची सगळ्यात दुःखद नोंद इंग्लंडमधल्या संडरलंडची आहे. 16 जून 1883 रोजी तिथल्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचे खेळ होते. वरच्या सज्ज्यात हजाराच्या वर मुलं होती आणि त्यांच्याबरोबर मोठी माणसं जवळजवळ नव्हती. खेळ संपताना जाहीर झालं की ठरावीक क्रमांकाच्या तिकिटांना बाहेर पडताना बक्षीस मिळेल, आणि मंचावरून खालच्या मुलांना खेळणी वाटायला सुरुवात झाली. आपल्याला काही उरणार नाही या भीतीने वरची मुलं जिन्यावरून धावली. जिन्याच्या तळाचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, आणि तिकिटं नीट तपासता यावीत म्हणून ते एका वेळी एकच मूल जाईल एवढ्या फटीवर अडसर घालून ठेवलेलं होतं. पुढची मुलं त्या फटीशी अडली, मागच्यांना काही कळलं नाही, ती येत राहिली. 183 मुलं गेली. आग लागली नव्हती, इमारत कोसळली नव्हती. दार अरुंद होतं, चुकीच्या दिशेला उघडत होतं, आणि गर्दीच्या पुढच्या टोकाला काय झालंय हे मागच्या टोकाला सांगणारं कुणी नव्हतं. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये सार्वजनिक जागी बाहेरच्या बाजूला उघडणारी पुरेशी दारं ठेवणं बंधनकारक झालं. नुसतं अंग टेकलं तरी उघडणाऱ्या आडव्या दांडीच्या दाराचा शोधही याच धक्क्यातून लागला. आज आपल्या सिनेमागृहांत आणि मॉलमध्ये ती दांडी दिसते.

आपल्या सणांच्या मैदानांवर हेच पुन्हा घडलेलं आहे. 3 ऑक्टोबर 2014 रोजी पाटण्याच्या गांधी मैदानात रावणदहन पार पडलं. कार्यक्रम नीट झाला होता. लोक घरी निघाले आणि रामगुलाम चौकाच्या बाजूला लोंढा एकवटला. विजेची तार पडल्याची अफवा उठली आणि 33 जणांचे प्राण गेले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त होती. तिथेही धोक्याची वेळ कार्यक्रम संपल्यानंतरची होती, आणि जागा बाहेर पडण्याच्या वाटेवरची.

मुंबईकरांना तर वेगळं उदाहरण नको. 29 सप्टेंबर 2017, नवरात्रातलीच सकाळ. एल्फिन्स्टन रोड स्थानक, म्हणजे आताचं प्रभादेवी. अचानक पाऊस आला म्हणून उतरलेले प्रवासी पुलाच्या जिन्यावरच थांबले, मागून गाड्या येत राहिल्या आणि माणसं भरत गेली. 23 जण गेले. पाऊस हे कारण मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नवरात्रात परतीचा पाऊस असतोच. मोकळ्या मैदानात सरी आल्या की पाच मिनिटांत सगळे मंडपाच्या कडेला, स्टॉलच्या ताडपत्रीखाली आणि गेटच्या कमानीखाली गोळा होतात. गेटच्या कमानीखाली उभं राहू देऊ नका, एवढी एक सूचना स्वयंसेवकांना आधीच दिलेली असावी.

संध्याकाळी आत येतानाही हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. क्रीडांगणाच्या फिरत्या फाटकातून तासाला 660 पेक्षा जास्त माणसं जाऊ शकत नाहीत, असं ती मार्गदर्शिका मानते. आपल्याकडे पर्स उघडून बघायची असते, पासवरचा कोड वाचायचा असतो, म्हणजे दर यापेक्षाही कमी. सहा रांगा असतील तर तासाला चार हजार माणसंसुद्धा आत जात नाहीत. प्रसिद्ध गायिका मंचावर येण्याची वेळ साडेआठची असेल आणि साडेसात ते साडेआठ या तासात आठ हजार माणसं आली, तर चार हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर उभी असतात. आतून गाणं सुरू झाल्याचा आवाज आला की ही रांग पुढे रेटते. शहाणा आयोजक अशा वेळी गाणं दहा मिनिटं उशिरा सुरू करतो, आणि तसं बाहेरच्या रांगेला भोंग्यावरून सांगतो. रांग लगेच सैल पडते.

बाहेर पडण्याच्या वेळेलाही असाच उपाय आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नियम ध्वनिक्षेपक बंद करण्याचा आहे. दहा वाजून पाच मिनिटांनी मैदान मोकळं झालंच पाहिजे, असं तो म्हणत नाही. तेव्हा वेगवान गाणी साडेनऊलाच संपवावीत, मग संथ गरबा, मग आरती. आरतीपासूनच लहान मुलांच्या कुटुंबांना निघू द्यावं. खाण्याचे स्टॉल दहानंतर अर्धा तास चालू ठेवावेत. बक्षीस समारंभ मात्र अगदी शेवटी ठेवू नये, कारण त्यामुळे सगळे शेवटपर्यंत थांबतात आणि एकत्र निघतात. दहाला सगळे दिवे लावावेत. अंधारात माणूस आलेल्या वाटेनेच जातो. उजेडात त्याला बाजूचं दार दिसतं. प्रत्येक दारावर दुरून वाचता येईल असं मोठं ‘बाहेर’ आणि त्याखाली ते कुठे निघतं ते लिहावं: ‘स्टेशनकडे’, ‘हायवेकडे’, ‘पार्किंगकडे’. माणसं मग आपोआप वाटली जातात.

चपलांकडे कुणी लक्ष देत नाही. अनेक ठिकाणी गरबा अनवाणी खेळतात आणि चपलांचा ढीग नेमका गेटच्या आत पडलेला असतो. कार्यक्रम संपल्यावर शेकडो माणसं तिथेच वाकून चपला शोधतात आणि मागून येणारे त्यांच्यावर आदळतात. चपलांची जागा गेटपासून लांब, बाजूच्या कुंपणाला लावून ठेवावी. गेटच्या बाहेरचा रस्ताही दाराचाच भाग समजावा. दार आठ मीटर असलं आणि बाहेर दुचाकी लावून दोन मीटरच मोकळे राहिले असतील, तर दार दोन मीटरचंच आहे. रिक्षा गेटपाशी नको, निदान पन्नास पावलं पुढे हव्यात. रुग्णवाहिकेची वाट वेगळी ठेवावी. ती गर्दीच्या प्रवाहाला छेदून जाता कामा नये.

या सगळ्यावर नजर ठेवायला एक माणूस उंचावर हवा, आणि त्याचं मंचाशी थेट बोलणं हवं. त्याने गेटसमोर चुन्याने एक-दोन चौरस आखून घ्यावेत, दोन मीटर बाय दोन मीटरचे. चौरसात सोळा माणसं दिसली की चौरस मीटरला चार झाली. तिथे नवीन माणसं येणं थांबवायचं, पलीकडचं दार उघडायचं. वीसच्या वर गेली तर मंचावरून बोलायचं. गर्दीत मागच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज पोलिसांच्या शिट्टीचा नसतो, गायकाचा असतो. ‘समोरचं गेट भरलंय, मागचे जरा जागीच थांबा, डावीकडचं दार उघडं आहे’ हे वाक्य गायकाला कार्यक्रमाआधीच लिहून दिलेलं असावं. ‘पळा’, ‘लवकर निघा’ असे शब्द माइकवरून कधीही उच्चारू नयेत.

आता मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी. आत जाण्याआधी त्या दिवशीच्या कपड्यांतला मुलाचा फोटो मोबाइलवर काढा. सगळ्या मुली चनिया-चोळीत असताना तोंडी वर्णन काही कामाचं नसतं. आपला मोबाइल क्रमांक मुलाच्या मनगटावर पेनाने लिहा किंवा कागदी पट्टीवर लिहून बांधा. मुलाचं नाव दिसेल असं लिहू नका, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल विश्वास ठेवतं. हरवल्यास भेटायची जागा ठरवा, पण ती गेटपाशी नको. पोचल्यावर पाच मिनिटं काढून दुसरं दार शोधा आणि मुलालाही दाखवा. कार्यक्रम संपायच्या वीस मिनिटं आधी निघा, किंवा मग संपल्यावर अर्धा तास आतच बसून राहा. मधल्या वेळेत निघू नका. दांड्या पिशवीत, टोकं खाली.

गर्दीत दोन्ही खांद्यांना माणसं लागायला लागली आणि हात तोंडापर्यंत नेणं जड झालं, तर तेव्हाच बाजूला व्हा. पुढे सरकू नका, उलटही फिरू नका. तिरपे, कडेकडे सरका. लाट आली की तिच्याबरोबर जा, ती ओसरली की दोन पावलं कडेला. दोन्ही हात दुमडून छातीसमोर ठेवा म्हणजे श्वासापुरती जागा राहील. मुलाला उचलून छातीशी उंच धरा, त्याचं तोंड मोकळ्या हवेत राहील असं. भिंतीला किंवा बॅरिकेडला पाठ लागू देऊ नका. चप्पल, मोबाइल, ओढणी खाली पडली तर ती गेली असं समजा, वाकू नका.

मूल हरवलं तर आयोजकांनी काय करायचं हेही आधी ठरलेलं असावं. मुलाचं नाव आणि वर्णन माइकवर सांगू नये. ते ऐकून कुणीही ‘माझंच’ म्हणत येऊ शकतो. पालकांना फक्त ठरलेल्या कक्षाकडे बोलवावं, फोटो आणि ओळख पटवून मगच मूल ताब्यात द्यावं. त्या कक्षात नेहमी दोन मोठी माणसं असावीत, त्यांतली एक बाई. गेटवरच्या स्वयंसेवकांना बिनतारी संचावरून कळवावं की रडणाऱ्या किंवा एकट्या मुलाला बाहेर नेऊ द्यायचं नाही. मूल थोड्या वेळात सापडलं नाही तर 112 वर किंवा मुलांसाठीच्या 1098 वर लगेच कळवावं. कार्यक्रम संपायची वाट बघू नये.

या नवरात्रात पास घेताना आयोजकांना दोनच प्रश्न विचारा: एकूण किती पास काढलेत, आणि बाहेर पडायची सगळी दारं मिळून किती मीटर आहेत? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर पाचशेच्या वर येत असेल, किंवा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच माहीत नसेल, तर मुलांना घेऊन तिथे जाऊ नका, आणि का जात नाही ते आयोजकांना तोंडावर सांगा.